स्वल्पविराम एक, अनुदान साऱ्यांचे : इंग्रजी वाक्यातील ‘विच’ आणि ‘दॅट’ कसे वाचावेत

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. अनुदानाविषयीच्या इंग्रजी पत्रकात ‘पंचायत्स’ या शब्दापुढे स्वल्पविराम आहे की नाही, एवढ्यावर त्यांपैकी मोजक्यांचे अनुदान अडले आहे की साऱ्यांचेच, हे ठरू शकते. राज्यातील अधिसूचना, परिपत्रके, निविदा आणि न्यायालयीन निवाडे आजही मुख्यतः इंग्रजीतून निघतात. सर्वसामान्य माणसापर्यंत त्यांचा आशय पोहोचतो तो मराठीतून किंवा कोंकणीतून. वृत्तपत्राचा भाषांतरकार, पंचायतीचा सचिव, सहकारी संस्थेचा चिटणीस, घरी आलेली नोटीस उलगडून पाहणारा भाडेकरू, अशा सर्वांना हा इंग्रजी मजकूर वाचताना एक प्रश्न वारंवार सोडवावा लागतो. ‘विच’ किंवा ‘दॅट’ या शब्दाने सुरू झालेले उपवाक्य आपल्या आधीच्या नामाला मर्यादा घालते आहे, की त्या नामाविषयी केवळ जादा माहिती देते आहे?

प्रश्न व्याकरणाचा वाटला तरी त्याचे उत्तर पैशात, हक्कात आणि जबाबदारीत मोजले जाते. म्हणून ते उत्तर कसे शोधायचे आणि स्वल्पविरामावर कितपत विसंबायचे, हे नीट पाहणे इष्ट ठरेल.

एकच वाक्य, दोन अर्थ

उदाहरणादाखल रचलेले हे वाक्य पाहावे.

‘द पंचायत्स विच हॅव नॉट सबमिटेड अकाउंट्स विल नॉट रिसीव्ह द ग्रँट.’

येथे स्वल्पविराम कोठेही नाही. ‘विच’पासून ‘अकाउंट्स’पर्यंतचे उपवाक्य ‘पंचायत्स’ या नामाला घट्ट बिलगून आले आहे. त्याचे काम निवड करण्याचे आहे. सर्व पंचायतींमधून हिशेब न दिलेल्या तेवढ्या पंचायती ते बाजूला काढते आणि वाक्याचा उरलेला भाग फक्त त्यांनाच लागू करते. ज्यांनी हिशेब दिले, त्यांना या वाक्याचा उपद्रव नाही. अशा उपवाक्याला येथे ‘मर्यादक’ म्हणू.

आता तेच शब्द, पण दोन स्वल्पविरामांसह.

‘द पंचायत्स, विच हॅव नॉट सबमिटेड अकाउंट्स, विल नॉट रिसीव्ह द ग्रँट.’

आता उपवाक्य दोन स्वल्पविरामांच्या मध्ये, जणू कंसात, बसले आहे. त्याने निवड केलेली नाही. मुख्य वाक्य ‘पंचायतींना अनुदान मिळणार नाही’ एवढेच आहे आणि मध्ये जाता जाता सांगितले आहे की या पंचायतींनी हिशेब दिलेले नाहीत. ज्या पंचायतींविषयी बोलणे चालले आहे, त्या सगळ्यांनीच हिशेब थकवले आणि त्या सगळ्यांचेच अनुदान गेले, असा अर्थ निघतो. अशा उपवाक्याला ‘पूरक’ म्हणता येईल.

पहिल्या वाक्यावरून बातमी द्यायची तर मथळा होतो, ‘हिशेब न देणाऱ्या पंचायतींना अनुदान नाही’. दुसऱ्यावरून तो होतो, ‘पंचायतींचे अनुदान बंद’. दोन्ही मथळ्यांमागचे शब्द अगदी तेच आहेत.

शब्दावर नव्हे, चिन्हावर नजर

मर्यादक उपवाक्याला ‘दॅट’ आणि पूरक उपवाक्याला ‘विच’, असा सुटसुटीत नियम अनेकांनी शाळेत किंवा एखाद्या मार्गदर्शिकेत वाचलेला असतो. या नियमाला मोठे बळ दिले ते हेन्री फाउलर या इंग्रज कोशकाराने. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या इंग्रजी वापरकोशात दोन सर्वनामांची अशी वाटणी झाली तर लेखन अधिक स्वच्छ होईल, असे मत त्याने मांडले. मात्र बहुतेक लेखक, किंबहुना उत्तम लेखकही ही वाटणी पाळत नाहीत, हेही त्याने मोकळेपणाने नमूद केले होते. पुढे अमेरिकेतील संपादकांनी ही सूचना जवळजवळ नियम म्हणून स्वीकारली. ब्रिटनमध्ये ती तशी रुजली नाही, आणि भारतातील सरकारी व कायदेशीर इंग्रजी ब्रिटिश वळणाचे असल्यामुळे येथेही ‘विच’ दोन्ही कामे करतो.

याचा सर्वांत भक्कम दाखला भारतीय राज्यघटनेतच आहे. तेराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाचा आरंभ असा आहे : ‘द स्टेट शॅल नॉट मेक एनी लॉ विच टेक्स अवे ऑर अब्रिजेस द राइट्स कन्फर्ड बाय धिस पार्ट’. मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कोणताही कायदा राज्याने करू नये, हा त्याचा आशय. येथे ‘विच’ आहे आणि त्याच्या आधी स्वल्पविराम नाही. उपवाक्य निःसंशय मर्यादक आहे. कल्पना म्हणून ‘लॉ’ या शब्दापुढे एक स्वल्पविराम घालून पाहावा. वाक्याचा गाभा ‘राज्याने कोणताही कायदा करू नये’ एवढाच उरतो आणि कायदा म्हणजे हक्क हिरावणारीच गोष्ट, अशी टिप्पणी त्याला जोडली जाते. विधिमंडळाला टाळे लावणारे असे वाक्य कोणी लिहिणार नाही.

तेव्हा भारतीय इंग्रजी वाचताना ‘विच’ दिसला म्हणून उपवाक्य पूरक ठरवू नये. ‘दॅट’ मात्र बऱ्यापैकी विश्वासू आहे. संबंधी सर्वनाम म्हणून तो आला असेल, तर आजच्या लेखनात उपवाक्य जवळपास नेहमीच मर्यादक असते. ‘विच’ दोन्हीकडचा असल्याने त्याचा पक्ष ठरवण्याचे काम स्वल्पविरामावर येते. व्यक्तींसाठी येणाऱ्या ‘हू’ची स्थितीही तीच आहे.

तपासणीचा क्रम

अनुभवी संपादक किंवा भाषांतरकार असे वाक्य हातात घेतो, तेव्हा त्याची नजर एका ठराविक क्रमाने फिरते.

प्रथम तो उपवाक्याची दोन टोके शोधतो. आरंभ सोपा असतो, कारण तेथे ‘विच’ किंवा ‘दॅट’ उभा असतो. शेवट शोधण्यासाठी मुख्य वाक्याचे क्रियापद हुडकावे लागते. वरच्या उदाहरणात ते ‘विल नॉट रिसीव्ह’ आहे. त्याच्या अलीकडे उपवाक्य संपते.

मग तो दोन्ही टोकांना स्वल्पविराम आहेत का, हे पाहतो. पूरक उपवाक्याला वाक्याच्या मध्यात दोन स्वल्पविराम लागतात, कंसाला दोन बाजू लागतात तसे. उपवाक्य वाक्याच्या अखेरीस असेल, तर दुसऱ्याची जागा पूर्णविराम घेतो. मर्यादक उपवाक्याला दोन्हीपैकी एकही नको.

त्यानंतर तो उपवाक्य काढून उरलेले वाक्य वाचतो. ‘राज्याने कोणताही कायदा करू नये’ असे भलतेच विधान उरले, तर उपवाक्य मर्यादक होते. उरलेले वाक्य खरे आणि पुरेसे राहिले, तर ते पूरक असण्याची शक्यता वाढते.

शेवटी तो एक प्रश्न विचारतो, आणि हाच सर्वांत महत्त्वाचा. त्या नामाच्या जातीची, पण उपवाक्यातील वर्णन लागू न पडणारी दुसरी वस्तू अस्तित्वात आहे का? हिशेब दिलेल्या पंचायती आहेत का? असतील, तर निवड करण्याला अर्थ आहे. नसतील, तर निवड कशातून करणार?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा वाक्याबाहेरच असते. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द ठरवले. या निवाड्याविषयी कोणी ‘द लीजेस विच वेअर रिन्यूड’ असे स्वल्पविरामाविना लिहिले, तर नूतनीकरण झालेले खाणपट्टे इतरांतून वेगळे काढले जातात आणि बोलणे तेवढ्यांपुरते राहते. पण ‘दीज एटी-एट लीजेस, विच वेअर रिन्यूड’ असे लिहिले, तर ८८ हा आकडा आणि ‘दीज’ हा शब्द मिळून गट आधीच बंदिस्त करतात. त्यातून पुन्हा निवडायचे काही राहत नाही, म्हणून उपवाक्य पूरक आणि स्वल्पविराम योग्य.

याच तर्काने काही खुणा हाती लागतात. आधीचे नाम विशेषनाम असेल, म्हणजे मांडवी नदी, म्हादई अभयारण्य किंवा मुंबई उच्च न्यायालय, तर पुढचे उपवाक्य पूरकच असणार, कारण मांडवी एकच आहे. उलट नामाआधी ‘एनी’, ‘एव्हरी’, ‘नो’ किंवा ‘दोज’ असेल, तर उपवाक्य बहुधा मर्यादकच असते. ‘एनी पर्सन, हू’ असे स्वल्पविरामासह कोठे दिसले, तर स्वल्पविराम चुकून पडल्याची शंका आधी घ्यावी.

अर्धा कंस

हे सारे नियम लिहिणाऱ्यानेही पाळलेले असतील तरच उपयोगी. प्रत्यक्षात सर्वाधिक सापडणारे वाक्य वरच्या दोन्हींपैकी एकाही साच्यात बसत नाही. ते असे असते.

‘द पंचायत्स, विच हॅव नॉट सबमिटेड अकाउंट्स विल नॉट रिसीव्ह द ग्रँट.’

कंस उघडला, पण मिटला नाही. किंवा याच्या उलट, ‘पंचायत्स’नंतर काही नाही आणि ‘अकाउंट्स’नंतर एकच स्वल्पविराम. अशा वाक्याने स्वल्पविरामाची साक्ष गमावलेली असते. ते मर्यादक धरावे की पूरक, हे चिन्हावरून सांगता येत नाही.

दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे शेवटी पडलेल्या एकट्या स्वल्पविरामाला, मोठी परंपराही आहे. जुन्या इंग्रजीत लांबलचक कर्ता संपल्यावर, श्वास घ्यायला थांबावे तसा, क्रियापदाआधी स्वल्पविराम टाकण्याची रीत होती. १७८७ साली तयार झालेल्या अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदात, दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या प्रत्येक विधेयकाविषयीच्या वाक्यात ‘एव्हरी बिल विच’ असा स्वल्पविरामाविना आरंभ आहे आणि ‘सेनेट’ या शब्दानंतर मात्र एक स्वल्पविराम आहे. अर्थ पूर्णपणे मर्यादक आहे. स्वल्पविराम तेथे केवळ विसाव्याची जागा दाखवतो. जुने कायदे, करार आणि खरेदीखते वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते.

मराठी माणसाने लिहिलेल्या इंग्रजीत अशा एकट्या स्वल्पविरामाला आणखी एक कारण असते आणि ते आपल्या भाषेत दडलेले आहे. मराठीत आपण लिहितो, ‘ज्या पंचायतींनी हिशेब दिलेले नाहीत, त्यांना अनुदान मिळणार नाही.’ हे वाक्य पुरते मर्यादक आहे, तरीही त्यात स्वल्पविराम आहे. ‘ज्या’ने उघडलेले उपवाक्य संपले आणि ‘त्यांना’पासून मुख्य वाक्य सुरू झाले, एवढेच तो सांगतो. निवडीचे काम मराठीत ‘जो–तो’ या जोडीने आधीच पार पाडलेले असते. स्वल्पविरामावर तो भार कधी पडलाच नाही. आजच्या मराठी विरामचिन्हांची पद्धती एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या धर्तीवर रूढ झाली आणि तिचे श्रेय प्रामुख्याने मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. पण चिन्ह तेच आले तरी त्याची सगळी कामे बरोबर आली नाहीत. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातून ‘अकाउंट्स’नंतर स्वल्पविराम पडतो तो या सवयीने. त्याच्या मनात ‘ज्यांनी नाही दिले, त्यांना नाही मिळणार’ हेच असते.

अलीकडे आणखी एका कारणाची भर पडली आहे. मायक्रोसॉफ्ट वर्डमधील व्याकरण-तपासणी अमेरिकी वळणाची वाटणी गृहीत धरते. स्वल्पविरामाविना ‘विच’ आला, की ती त्याखाली रेघ ओढते आणि ‘दॅट’ वापरा किंवा आधी स्वल्पविराम द्या, असे दोन पर्याय सुचवते. पहिला पर्याय अर्थाला धक्का लावत नाही. दुसरा अर्थच बदलतो. घाईतल्या माणसाला दोन्ही सारखेच वाटतात, आणि रेघ जावी म्हणून त्याने दुसरा पर्याय स्वीकारला, तर मोजक्या पंचायतींविषयीचे वाक्य सर्व पंचायतींविषयीचे होऊन बसते.

स्वल्पविराम असतो, पण उपवाक्याचा नसतो

कधी ‘विच’ किंवा ‘दॅट’च्या आसपास स्वल्पविराम दिसतात, पण ते दुसऱ्याच कामासाठी आलेले असतात. ‘एनी लॉ विच, इन द ओपिनियन ऑफ द कोर्ट, टेक्स अवे धिस राइट’ या वाक्यात दोन स्वल्पविराम आहेत. मात्र पहिला ‘विच’च्या नंतर आहे, आधी नाही. ते दोन्ही ‘न्यायालयाच्या मते’ या मध्ये घातलेल्या शब्दसमूहाचे आहेत. तो समूह उचलला की ‘एनी लॉ विच टेक्स अवे धिस राइट’ असे स्वच्छ मर्यादक उपवाक्य उरते.

याचाच जुळा प्रकार ‘दॅट’बाबत आढळतो. ‘द ब्रिज, बिल्ट बाय द डिपार्टमेंट, दॅट कोलॅप्स्ड’ येथे ‘दॅट’च्या अगदी आधी स्वल्पविराम आहे, पण तो ‘बिल्ट’पासून उघडलेला कंस मिटवणारा आहे. म्हणून स्वल्पविराम दिसला की त्याचा जोडीदार कोण, हे प्रथम पाहावे. जोडीदार उपवाक्याच्या दुसऱ्या टोकाला असेल, तरच ती जोडी उपवाक्याची.

काही वेळा ‘विच’ कोणत्याही एका नामाला धरून नसतो. ‘द मिनिस्टर स्किप्ड द मीटिंग, विच अँगर्ड द ऑपोझिशन’ या वाक्यात विरोधक संतापले ते बैठकीवर नव्हे, मंत्री बैठकीला न आल्यावर. येथे ‘विच’ संपूर्ण आधीच्या विधानाला उद्देशून आहे आणि आधी स्वल्पविराम हवाच. मराठीत अशा वेळी ‘त्यामुळे’ किंवा ‘यावरून’ असे शब्द घेऊन पुढे जाणे नैसर्गिक ठरते. ‘बैठक, जिने विरोधक संतापले’ असे भाषांतर झाले, तर ‘विच’चा धनी चुकला असे समजावे.

मराठीत उतरवताना

इंग्रजी वाक्याचा निकाल लागला, तरी काम संपत नाही. मराठीत बातमी लिहिणाऱ्याच्या लेखणीला धातुसाधित विशेषण सर्वांत जवळचे असते. ‘हिशेब न दिलेल्या पंचायती’, ‘नूतनीकरण झालेले खाणपट्टे’, ‘बंद पडलेल्या खाणी’. ही रचना आटोपशीर आहे, मथळ्यात चपखल बसते, आणि नेमक्या याच प्रश्नावर मौन पाळते. ‘बंद पडलेल्या खाणींच्या मालकांची बैठक’ म्हणजे काही खाणी चालू आहेत आणि बंद असलेल्यांच्याच मालकांना बोलावले आहे? की सगळ्याच खाणी बंद आहेत? त्याच निवाड्यानुसार मार्च २०१८ च्या मध्यावर या खाणपट्ट्यांवरील उत्खनन थांबले. त्या दिवसांत गोव्याच्या वाचकाने हे शब्द दुसऱ्या अर्थाने घेतले असते. परिस्थिती बदलली की तेच शब्द पहिल्या अर्थाने वाचले जातात. रचना स्वतः काहीच सांगत नाही.

म्हणून जेथे पैसा, मुदत, दंड किंवा हक्क गुंतलेला असेल, तेथे धातुसाधितावर न थांबता वाक्य उकलावे. मर्यादक उपवाक्यासाठी मराठीजवळ ‘जो–तो’ ही जोडी आहे आणि ती इंग्रजीच्या स्वल्पविरामापेक्षा कितीतरी निःसंदिग्ध आहे. ‘ज्या पंचायतींनी हिशेब दिलेले नाहीत, त्याच पंचायतींचे अनुदान रोखले जाईल.’ ‘त्या’ला ‘च’ जोडला की गैरसमजाला जागा उरत नाही. पूरक उपवाक्यासाठी दोन वाक्ये करावीत. ‘सर्व पंचायतींचे अनुदान रोखले जाईल. या पंचायतींनी हिशेब दिलेले नाहीत.’ ‘पंचायती, ज्यांनी हिशेब दिलेले नाहीत, त्यांना अनुदान मिळणार नाही’ हे इंग्रजीच्या मापाने बेतलेले वाक्य मराठीला मानवत नाही, शिवाय ते दोन्ही अर्थांमध्ये लोंबकळत राहते.

एक पत्रक, आरंभापासून अखेरपर्यंत

हा सारा क्रम एका कल्पित पत्रकावर लावून पाहता येईल. त्यातील मुख्य वाक्य वरचेच आहे, ‘पंचायत्स’नंतर एक स्वल्पविराम असलेले आणि ‘अकाउंट्स’नंतर काहीच नसलेले. वृत्तसंपादकाच्या टेबलावर ते सायंकाळी सातला आले आहे.

मुख्य क्रियापद ‘विल नॉट रिसीव्ह’. उपवाक्य त्याच्या आधी संपते. तेथे स्वल्पविराम नाही, म्हणजे हा अर्धा कंस. चिन्हाची साक्ष बाद. उपवाक्य गाळून पाहता ‘पंचायतींना अनुदान मिळणार नाही’ उरते. वाक्य म्हणून ते चुकीचे नाही, केवळ फार मोठे विधान आहे. म्हणून हिशेब दिलेल्या पंचायती आहेत का, हा प्रश्न घेऊन उरलेले पत्रक वाचायचे. तिसऱ्या परिच्छेदात ‘सोबतच्या यादीतील २३ पंचायतींना स्मरणपत्रे पाठवली आहेत’ असे आढळते. आणखी खाली हिशेब देण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत नमूद आहे. आता चित्र स्पष्ट झाले. १९१ पैकी २३ थकबाकीदार आहेत, उरलेल्या १६८ नाहीत. निवडीला अर्थ आहे, उपवाक्य मर्यादक आहे आणि तो एकटा स्वल्पविराम अनावधानाने पडला आहे. बातमीत मग आकडाच घ्यावा : ‘हिशेब न दिलेल्या २३ पंचायतींचे अनुदान रोखणार’. आकड्यामुळे धातुसाधिताची संदिग्धताही मिटते.

यादी नसती आणि मुदतही नसती, तर? मग वाक्यातून उत्तर काढण्याचा हट्ट सोडून संबंधित खात्याला दूरध्वनी करायचा. तेथे ‘हे उपवाक्य मर्यादक आहे का’ असे विचारून उपयोग नाही. ‘हिशेब दिलेल्या पंचायतींना अनुदान मिळणार आहे ना?’ असा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर हो किंवा नाही असेच येते. दूरध्वनी लागला नाही, तर सर्व पंचायतींचे अनुदान बंद झाल्याचा मथळा तरी देऊ नये. दोन अर्थांपैकी जो व्यापक आणि अधिक धक्कादायक आहे, त्याला अधिक पुरावा लागतो.

न्यायालय स्वल्पविरामाला किती मानते?

कायद्याच्या मजकुरात स्वल्पविरामाचे वजन किती, याचे उत्तर दोन निवाड्यांच्या मध्ये कोठेतरी आहे. अश्विनीकुमार घोष विरुद्ध अरविंद बोस या १९५२ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात असे म्हटले गेले की, कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हे हा गौण घटक आहे. शब्दांचा अर्थ स्वच्छ असेल, तर चिन्हाने तो पालटता येत नाही.

१९८८ साली डॉ. साल्पेकर यांच्या प्रकरणात मात्र याच न्यायालयाने एका स्वल्पविरामाची दखल घेतली. प्रश्न मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशाचा होता. भाडेकरूने दुसरी राहण्याची जागा मिळवली असेल, किंवा तो सलग चार महिने ते क्षेत्र सोडून गेला असेल आणि त्याला घराची वाजवी गरज नसेल, तर घरमालकाला मुभा मिळते, अशी ती तरतूद. ‘वाजवी गरज नसेल’ ही अट दोन्ही प्रसंगांना लागू की केवळ दुसऱ्याला? पहिल्या प्रसंगानंतर इंग्रजी मजकुरात स्वल्पविराम होता. त्यामुळे पहिला प्रसंग स्वतंत्र ठरतो आणि गरजेची अट फक्त दुसऱ्याला लागते, असा अर्थ न्यायालयाने लावला. तेथे ‘विच’ नव्हता, पण प्रश्न तोच होता : मर्यादा घालणारे शब्द कोठवर पोहोचतात?

दोन्ही निवाडे एकत्र वाचले की स्वल्पविरामाची पायरी कळते. तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. शब्द, आकडे आणि वस्तुस्थिती यांच्याशी त्याची साक्ष जुळत असेल, तर ती ग्राह्य धरावी. जुळत नसेल, तर चिन्ह चुकले असण्याचा संभव अधिक. आणि नोटीस स्वतःच्या घराची, जमिनीची किंवा नोकरीची असेल, तर वाक्याचा अर्थ मनाशी न ठरवता तो पाठवणाऱ्याकडून लेखी मागून घ्यावा. त्या अर्जातही प्रश्न स्वल्पविरामाचा न करता सरळ विचारावे की, हा आदेश आपल्याला लागू आहे की नाही.